हौशी नाट्यसंस्थेचं नाव: देवनागरीत आणि रोमनमध्ये एकच राहील असं कसं निवडावं

नाट्यगृहाच्या पावतीवर एक नाव, तिकिटाच्या ॲपवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं आणि दारावरच्या फळ्यावर चौथंच. हौशी नाटकवाल्यांना हा प्रकार नवा नाही. पुढे अनामत रकमेचा चेक परत मिळतो तो चुकीच्या स्पेलिंगचा, आणि नाटक बघायला निघालेल्या माणसाला शोधूनही प्रयोग सापडत नाही. दोष लिहिणाऱ्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा मूळ नावच असं असतं की पाच जण ते पाच तऱ्हांनी लिहिणार.

मागचं दुरुस्त करायला फार धावाधाव लागते. म्हणून खालचा क्रम पाळा. तो उलटा केलात, म्हणजे आधी बॅनर छापला आणि मग नाव तपासलं, तर यातला अर्धा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

उदाहरण म्हणून ठाण्यातला एक गट धरूया. पंधरा-सोळा जण, नोकरी सांभाळून तालमी करणारे. पहिला प्रयोग गडकरी रंगायतनला किंवा डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात करायचा बेत आहे. गट काल्पनिक आहे. खाली येणारे शब्दही नमुन्यादाखल आहेत, त्या नावांच्या संस्था कुठे ना कुठे असतीलही.

## टप्पा १: नाव कोण कोण लिहिणार, याची यादी

शब्द सुचवायच्या आधी कागदावर एवढंच लिहा की आपलं नाव कोणकोणत्या हातांनी लिहिलं जाणार आहे. नाट्यगृहाचा अर्ज आणि पावती. वर्तमानपत्रातली नाटकाची छोटी जाहिरात, ती देवनागरीत. तिकीटविक्रीचं संकेतस्थळ, तिथे रोमन. बँक आणि पॅन, तिथेही रोमनच. नोंदणीची कागदपत्रं मराठीत. नाट्यगृहाच्या दर्शनी फळ्यावर खडूनं किंवा सुट्या अक्षरांनी नाव लावणारा कर्मचारी. आणि सगळ्यात धोक्याचा माणूस म्हणजे फोनवर नाव ऐकून तिसऱ्याला कळवणारा.

यातल्या निम्म्या लोकांनी तुमचं नाव छापील रूपात आधी पाहिलेलंच नसतं. ते ऐकून लिहिणार किंवा एका लिपीतून दुसरीत उतरवणार. परीक्षा त्यांच्या हातात टिकण्याची आहे.

दुसरी तयारी माणसांची. शब्द सगळ्यांनी सुचवावेत, पण चाळणी तिघांनी लावावी. पंधरा जणांच्या मतदानात नेहमी तोच शब्द जिंकतो जो कानाला भारदस्त लागतो, आणि भारदस्त शब्दांतच जोडाक्षरं आणि ऋ-ज्ञ ठासून भरलेले असतात.

आपल्या गटाची यादी अशी जमली: साद, सोंग, ऋणानुबंध, खेळिया, तिसरी घंटा, आविष्कार, बोरू, लोलक.

इशारा: या टप्प्यावर लोगो काढायला देऊ नका. लोगो आवडला की त्याच्यासाठी नाव राखलं जातं.

## टप्पा २: अक्षरांची चाळणी

प्रत्येक शब्दाखाली, शहाण्या माणसानं लिहावीत अशी सगळी रोमन स्पेलिंगं मांडा. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, खरंच मांडा. शब्दात जिथे जिथे दोन पर्याय आहेत तिथे गुणाकार होतो. एका जागी दोन पर्याय म्हणजे दोन स्पेलिंगं, दोन जागी म्हणजे चार.

पर्याय कुठे फुटतात ते साधारण ठरलेलं आहे. आ म्हणजे a की aa. ई म्हणजे i की ee. ऊ म्हणजे u की oo. व म्हणजे v की w. फ म्हणजे ph की f. अनुस्वाराच्या पुढे व, श, स, ह आले की n की m हा वाद उभा राहतो. ‘संवाद’ हा शब्द Samvad आणि Sanvad अशा दोन्ही रूपांत सर्रास दिसतो. शब्दाच्या शेवटी न उच्चारलेला अ हा आणखी एक त्रास: ‘मंच’ कोणी Manch लिहितो, कोणी Mancha. शब्दाच्या मधला अ तर सोयीनुसार येतो आणि जातो.

काही अक्षरं दोन पर्यायांवर थांबतच नाहीत. ज्ञ मराठी माणूस dny लिहितो, हिंदीभाषक gy, संस्कृत शिकलेला jn. ऋ म्हणजे ru किंवा ri. च आणि ज यांचे मराठीत दोन दोन उच्चार आहेत, आणि झ कोणी jh लिहितो तर कोणी z. ही अक्षरं नावात असली की फार विचार करू नका, शब्द बाजूला ठेवा.

सोपी अक्षरं म्हणजे क, ग, न, प, ब, म, र, ल, स, ह आणि स्वरांमध्ये ऱ्हस्व इ, ऱ्हस्व उ, ए, ओ. यांच्यातूनच शब्द जमवता आला तर अर्धं काम झालं.

आता आपली यादी. ‘आविष्कार’मध्ये पहिला आ आणि व या दोनच जागी चार स्पेलिंगं झाली: Avishkar, Awishkar, Aavishkar, Aawishkar. मधला आ कोणी लांबवला तर आणखी. ‘ऋणानुबंध’ R पासूनच फुटतो, Runanubandh आणि Rinanubandh, वर शेवटी a आहे की नाही हा प्रश्न उरतोच. ‘तिसरी घंटा’ नाटकवाल्यांना हमखास सुचणारं नाव, पण Tisri, Tisari, Teesri असे पहिल्याच शब्दाचे तीन झाले. शिवाय कॉलेजच्या पोरांना ‘घंटा’ म्हटलं की काय आठवतं हे सांगायला नको. तिन्ही बाद.

‘खेळिया’ जाता जाता सुटल्यासारखा वाटतो. Kheliya आणि Khelia, फक्त दोनच. त्याला पुढच्या टप्प्यावर पाठवूया.

तपासणी: दोनपेक्षा जास्त स्पेलिंगं होणारा शब्द ठेवू नका. ‘आपण एक ठरवू आणि लोक शिकतील’ असं कोणीतरी म्हणेलच. चित्रपटाला कोटींची जाहिरात असते म्हणून लोक शिकतात. वर्षाला चार प्रयोग करणाऱ्या संस्थेचं स्पेलिंग कोणी पाठ करत नाही.

## टप्पा ३: रोमनमधला शब्द इंग्रजी तर नाही?

हा टप्पा छोटा आहे, पण बहुतेक जण तो विसरतातच. रोमनमध्ये लिहिलेलं नाव आधी इंग्रजी शब्द म्हणून वाचलं जातं. ‘साद’ Sad लिहिलंत तर विनोदी नाटकाच्या पोस्टरवर ते कसं दिसेल? त्यातून सुटायला Saad केलंत तर कोणी एक a लिहिणार, कोणी दोन. ‘सोंग’ हा नाटकाला अगदी जवळचा शब्द, पण रोमनमध्ये तो Song होतो आणि संस्था सुगम संगीताची वाटते. ‘दिवे’ Dive होतात, ‘हात’ Hat होतो, ‘बेत’ Bet होतो. एक-दोन अक्षरी मराठी शब्दांमध्ये हा धोका जास्त असतो, म्हणून तीन अक्षरांचा शब्द सहसा बरा पडतो.

साद आणि सोंग गेले. राहिले खेळिया, बोरू, लोलक.

## टप्पा ४: उलटी परीक्षा

इथपर्यंत देवनागरीतून रोमनमध्ये गेलो. आता परत यायचं, आणि बहुतेक चांगली वाटणारी नावं इथे पडतात. रोमनमध्ये ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच, द आणि ड एकच. जाताना काही कळत नाही, येताना चूक होते.

परीक्षा अशी घ्या. गटाबाहेरची दहा माणसं निवडा. त्यांत चार मराठी माध्यमातली, चार इंग्रजी माध्यमातली, दोन अमराठी पण देवनागरी वाचणारी. त्यांना फक्त रोमन नाव पाठवा आणि देवनागरीत हातानं लिहून फोटो पाठवायला सांगा. मोबाइलवर टाइप करायला सांगू नका, कारण कीबोर्ड शब्द आपणच दुरुस्त करतो आणि परीक्षा फुकट जाते. कीबोर्डची परीक्षा वेगळी घ्यायची: मराठी लिप्यंतराच्या कीबोर्डवर तुम्ही रोमन अक्षरं टाइप करा आणि पहिली सूचना कोणती येते ते बघा. वर्तमानपत्राची जाहिरात टाइप करणारा किंवा बातमी देणारा मित्र बहुधा ती पहिली सूचनाच उचलणार.

मग दुसरी दहा माणसं घ्या. त्यांना नाव फक्त आवाजात पाठवा आणि दोन्ही लिप्यांत लिहून मागा. पहिल्या दहांना हे देऊ नका, त्यांनी नाव आधीच पाहिलंय.

दहातल्या आठांनी एकच लिहिलं तर नाव उत्तीर्ण. सात जणांनी लिहिलं तर उरलेल्या तिघांनी काय लिहिलं ते बघा. तिघांनी तीन वेगळ्या चुका केल्या असतील तर त्या त्यांच्या, तिघांची चूक एकच असेल तर ती नावाची.

‘खेळिया’ इथे पडेल. Kheliya वाचून अमराठी माणूस ‘खेलिया’ लिहिणार, त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, आणि तिकिटांच्या ॲपवर देवनागरी नाव कोणी भरलंच तर ते तसंच भरलं जाणार. ‘लोलक’मध्येही दोनदा ल आहे, मग तो का टिकतो? कारण लोळक किंवा ळोलक असा शब्द मराठीत नाही. Lolak वाचणाऱ्याला दुसरा पर्याय सुचतच नाही. ल, न, त, द असलेला शब्द सरसकट टाकायचा नाही. त्या जागी ळ, ण, ट, ड घालून बघायचं, आणि त्यातून खरा शब्द तयार होत असेल तरच घाबरायचं.

इशारा: घरच्यांना आणि तालमीला येणाऱ्यांना परीक्षेला बसवू नका. त्यांना उत्तर माहीत असतं.

## टप्पा ५: तोंडानं म्हणून बघा

उरलेलं नाव मोठ्यानं, तिसऱ्या घंटेनंतरच्या घोषणेत घालून म्हणा. ‘साद सादर करीत आहे’ म्हणून बघितलं असतं तर साद इथेच अडखळला असता. मग विभक्ती लावा. मराठीत नाव सुटं राहत नाही, त्याला ‘चं’, ‘ने’, ‘ला’ चिकटतातच. आकारान्त पुल्लिंगी शब्द घेतलात, समजा ‘कोनाडा’, तर लोक ‘कोनाड्याचं नवं नाटक’ म्हणणार आणि काही बातम्यांत ‘कोनाडाचं’ छापून येणार. शोधणाऱ्याला दोन्ही रूपं सापडत नाहीत. शेवटचं अक्षर अकारान्त असेल किंवा शेवटी ई-ऊ असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही: लोलकचं नाटक, बोरूचं नाटक. नाव तसंच राहतं.

तिसरी गोष्ट समीक्षकाची. आपल्यावर रागावलेल्या परीक्षकाच्या जागी बसा आणि मथळा लिहा. ‘बोरूनं केलं बोअर’. इतका तयार मथळा हातात देऊ नये. बोरू हा शब्द मला आवडतो, अक्षरांच्या चाळणीतूनही तो सुखरूप जातो, पण मीही तो इथे सोडून देईन. ‘लोलक’वर कोटी करायची तर ‘लोळण’पर्यंत जावं लागतं आणि ती बेताचीच आहे. रोमनमधली पहिली तीन अक्षरं LOL होतात, यावर तरुण मंडळी हसतील. हसू देत, स्पेलिंग लक्षात राहील.

## टप्पा ६: हे नाव कोणाचं आहे का?

शोध दोन्ही लिप्यांत घ्या, आणि रोमनमध्ये प्रत्येक पर्यायी स्पेलिंगचा वेगळा. नुसतं नाव टाकू नका. पुढे ‘नाट्यसंस्था’, ‘एकांकिका’, ‘निर्मित’, आपल्या शहराचं नाव असे शब्द जोडा. राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेच्या निकालांच्या बातम्यांत संस्थांची नावं गावासकट येतात, त्या आपल्या केंद्रापुरत्या तरी चाळा. तुमच्याच शहरात त्याच नावाची संस्था असेल तर विषय संपला. चारशे किलोमीटरवर असेल तर कायद्याची अडचण येईल न येईल, पण एखाद्या स्पर्धेत दोघांची एकाच यादीत गाठ पडू शकते.

मग ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध. मनोरंजन आणि सांस्कृतिक कार्यक्रम वर्ग 41 मध्ये येतात. तिथे शब्दावरून शोधता येतं, तसं उच्चारसाम्यावरूनही; उच्चारसाम्याचा शोध टाळू नका. तुमच्या कामाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा.

नाव एखाद्या सरकारी योजनेचं नाही हेही बघा. ‘उमेद’ हा अक्षरांच्या दृष्टीनं उत्तम शब्द, Umed यापलीकडे फारसं कोणी काही लिहिणार नाही. पण महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची ओळखच ‘उमेद’ आहे, त्यामुळे शोधणाऱ्याला आधी बचत गटच दिसणार. ‘भारत सरकार’, ‘राष्ट्रीय’ किंवा सरकारी आश्रय सुचवणाऱ्या शब्दांवर तर 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याचा अडसर येऊ शकतो.

तपासणी: पुढे जाण्याआधी दुसऱ्या क्रमांकाचं नावही याच चाळण्यांतून काढून ठेवा. नोंदणीत पहिलं नाकारलं गेलं तर टेबलासमोर उभ्या उभ्या नवं नाव सुचवण्याची वेळ येऊ नये. त्या घाईत सुचतं ते नाव बहुधा ‘कला क्रीडा सांस्कृतिक मंडळ’ या शेपटासकट येतं.

## टप्पा ७: शेपूट आणि गाव

मूळ नाव ठरलं, आता पुढे काय लावायचं? संस्था, मंच, मंडळ, थिएटर. इथे नवी फूट पडते. मराठीत ‘नाट्यसंस्था’ एक शब्द आहे, पण रोमनमध्ये कोणी NATYASANSTHA लिहितो, कोणी NATYA SANSTHA. ही मोकळी जागा माणसाला दिसत नाही, पण बँकेच्या संगणकाला दिसते. ‘कलामंच’चंही तेच. वाचायला सोपं म्हणून मी रोमनमध्ये दोन शब्द सुटे ठेवायला सांगेन, पण कोणतंही एक ठरवा.

गावाचं नाव अधिकृत नावात घालू नका. स्पर्धेत आणि जाहिरातीत ‘लोलक, ठाणे’ असं येणारच, ते पत्ता म्हणून येऊ द्या. नावातच ठाणे असेल तर प्रत्येक चेकवर ते लिहावं लागतं, आणि अर्धे लोक विसरतात.

## टप्पा ८: गोठवा, मग नोंदवा

आता एक ठराव लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मजकूर एवढाच पुरतो:

“संस्थेचे नाव देवनागरी लिपीत ‘लोलक नाट्यसंस्था’ असे आणि रोमन लिपीत LOLAK NATYA SANSTHA असे लिहिले जाईल. संक्षिप्त नाव ‘लोलक’, LOLAK. अन्य कोणतेही रूप वापरले जाणार नाही.”

त्याच दिवशी समाजमाध्यमांवरची खाती आणि संकेतस्थळाचं नाव घेऊन ठेवा, घोषणा नंतर करा. मग नोंदणी. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी निगडित आहे. घटनेत म्हणजे नियमावलीत नावाच्या कलमातच दोन्ही लिप्यांतली रूपं घाला. प्रमाणपत्र मराठीत आलं तरी रोमन स्पेलिंगचा लेखी आधार तुमच्या हातात राहतो. पॅनच्या अर्जात नाव तिथूनच अक्षर न् अक्षर उतरवा, आणि बँकेत खातं उघडताना पॅनवरून. हाच क्रम ठेवा. बँकेतल्या माणसानं प्रमाणपत्रावरून स्वतःच्या मनानं लिप्यंतर केलं की तेच पुढची कित्येक वर्षं चालतं, आणि पॅन जुळत नाही म्हणून खातं अडतं.

नोंदणी लगेच करायची नसेल तरी ठराव करा. नाट्यगृहाचा अर्ज एखाद्या सभासदाच्या नावानं भरणार असाल तर संस्थेचं नाव ठरावातून नक्कल करून भरा, तोंडी सांगू नका. आणि खिडकी सोडण्यापूर्वी पावती वाचा.

## टप्पा ९: छपाईआधीची शेवटची नजर

नाव डिझायनरकडे युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटोही जोडा. बरेच मुद्रक अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात, तिथे मजकूर चिकटवला की अक्षरांचा चुराडा होतो, मग ते पुन्हा टाइप करतात आणि काना-मात्रा घसरते. जोडाक्षर असेल तर ते निदान तीन फॉन्टमध्ये उमटवून बघा. काहींत ते पायमोडकं, हलन्तासकट दिसतं.

‘लोलक’मध्ये जोडाक्षर नाही, पण ल दोनदा आहे. मराठीचा ल पाकळ्यांचा, दोन गोलाईंचा. कित्येक फॉन्ट मूळ स्वरूपात हिंदी वळणाचा दंडाचा ल देतात आणि मराठी वळण हवं असेल तर भाषा मराठी निवडावी लागते. पोस्टरवर एका ठिकाणी एक ल आणि तिकिटावर दुसरा आला तर चूक म्हणता येत नाही, तरी डोळ्याला खटकतं. श असलेल्या नावाचीही हीच गत. डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगा, ‘मराठी ल’. नमुन्याची प्रत मोबाइलच्या पडद्यावर तपासू नका; कागदावर काढा, हातभर लांब धरा आणि नाव न माहीत असलेल्या माणसाकडून वाचून घ्या. त्यानं ‘लोलक’ म्हटलं की छपाईला द्या.